वर्कशीटमध्ये ६/८ आलं की बार चुकतात, स्केल आलं की काळी पट्टी सुटते – नेमकं काय तपासायचं

सातवी-आठवीच्या संगीताच्या तासाला नोट व्हॅल्यू, टाइम सिग्नेचर आणि स्केलची वर्कशीट दिली की ४/४ चे प्रश्न पोट्टे पटापट उडवतात आणि ६/८ चा पहिला प्रश्न आला की अर्धा वर्ग पेन तोंडात घालून बसतो. मग आपण फळ्यावर सोडवून दाखवतो, त्या दिवशी सगळ्यांना जमतं, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न आकडे बदलून दिला की पुन्हा तेच. हे दरवर्षी होतं, दर बॅचला होतं, त्यामुळे पोरांना समजत नाही असं म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. चूक एकाच प्रकारे होत असेल तर तिचं कारणही एकच असतं.

खालचं सगळं आमच्यासारख्या शाळांसाठी लिहिते आहे, म्हणजे जिथे एक पेटी, एक तबल्याची जोडी, कीबोर्ड असला तर एखादा, आणि अर्धी पोरं गावच्या भजनी मंडळात खंजेरी नाहीतर टाळ वाजवणारी. हे शेवटचं लक्षात ठेवा, ते पुढे कामी येणार आहे.

आधी पोराकडे नाही, कागदाकडे बघा. तालुक्याहून काढून आणलेल्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स मारली की नोटशेजारचा डॉट पहिल्यांदा उडतो, आणि उलट काचेवरचा धुळीचा कण नोटच्या उजवीकडे डॉट होऊन बसतो. डॉटेड क्वार्टरचा साधा क्वार्टर झाला की ६/८ चा बार एका एथ नोटने कमी पडतो, आणि पोरगं बिचारं बरोबर मोजूनही चुकतं. ओळखायचं कसं तर सगळ्या वर्गाची चूक एकाच बारमध्ये असेल तर कागद खराब आहे, आणि प्रत्येकाची वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर समज कच्ची आहे. मी आता मूळ प्रतीवर सगळे डॉट काळ्या पेनाने जाड करून मगच झेरॉक्सला देते.

कागदाचीच दुसरी भानगड म्हणजे मोबाइलवर टाइप केलेली वर्कशीट. ♩ आणि ♪ ही चिन्हं बहुतेक फोनवर दिसतात, पण हाफ नोट आणि होल नोटची चिन्हं बऱ्याच फॉन्टमध्ये नसतातच, त्या जागी रिकामा चौकोन येतो. आणि त्याहून वाईट म्हणजे सहा एथ नोट्स ♪♪♪♪♪♪ अशा सुट्या टाइप केल्या की त्या तीन-तीनच्या आहेत की दोन-दोनच्या हे कळायला काही मार्गच राहत नाही, कारण ते सांगण्याचं काम बीम करतो, म्हणजे नोटांच्या दांड्या जोडणारी ती आडवी जाड रेघ. मूसस्कोर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टाइम सिग्नेचर आधी टाकली की बीम आपोआप बरोबर पडतात. तेही नको असेल तर सरळ हाताने काढा, हाताने काढलेली वर्कशीट टाइप केलेल्यापेक्षा कधीही बरी.

कागद ठीक असेल तर आता खरा प्रॉब्लेम. ही ओळ पोरांना द्या आणि ६/८ मध्ये बारच्या रेघा मारायला सांगा:

क्वार्टर, एथ, क्वार्टर, एथ, डॉटेड क्वार्टर, एथ, एथ, एथ, डॉटेड हाफ

बरोबर उत्तर तीन बार. पहिल्या चार नोट्सचा पहिला, पुढच्या चारचा दुसरा, आणि एकटी डॉटेड हाफ तिसरा. पण वर्गात सगळ्यात जास्त येणारं उत्तर वेगळंच असतं. पोरगं पहिल्या आठही नोट्स एकाच बारमध्ये घालतं, रेघ मारतं, आणि मग हात वर करून म्हणतं, "मॅडम, प्रश्न चुकला वाट्टे, शेवटी तीनच उरून राह्यले." 

त्याने काय केलं ते त्याच्याच डोक्याने मोजून बघा. क्वार्टर एक, एथ अर्धा, क्वार्टर एक, एथ अर्धा, झाले तीन. डॉटेड क्वार्टर दीड, साडेचार. तीन एथचे दीड, झाले सहा. वरचा आकडा सहा आहे, सहा भरले, मारली रेघ. त्याची बेरीज एकदम बरोबर आहे, चुकलं आहे ते फक्त कशाचे सहा मोजायचे हे. ६/८ म्हणजे सहा एथ नोट्स, त्याने मोजले सहा क्वार्टर, म्हणून त्याचा बार बरोबर दुप्पट लांब झाला. तर ही खूण पक्की धरा, रेघा एकाआड एक गायब असतील तर पोराला गणित येतं, त्याने खालचा आकडा वाचलाच नाही.

आणि तो का वाचला नाही याचं उत्तर बहुतेक वेळा वर्कशीटच्या डोक्यावरच छापलेलं असतं. वर एक चौकट असते, होल नोट ४ बीट, हाफ नोट २ बीट, क्वार्टर नोट १ बीट, एथ नोट अर्धा बीट. ही चौकट ४/४, ३/४, २/४ ला चालते आणि ६/८ ला पूर्ण चुकीची आहे. वर्षभर पोट्टे त्या चौकटीवर पाठांतर करतात, त्यांच्यासाठी क्वार्टर म्हणजे एक मात्रा हे दगडावरची रेघ झालेलं असतं, मग एक दिवस आपण ६/८ देतो आणि अपेक्षा करतो की त्यांनी ते विसरावं. त्यात आपण मराठी माध्यमात बीटला मात्रा म्हणून शिकवतो, आणि दादरा सहा मात्रांचा हे तर पोराला चौथीपासून माहीत, म्हणजे सहा मात्रा म्हणजे सहा क्वार्टर अशी गाठ आपणच मारून देतो.

म्हणून पहिली दुरुस्ती ही की ती चौकट खोडा. तिच्या जागी बीट अजिबात न सांगता फक्त नाती लिहा, म्हणजे एका होलमध्ये दोन हाफ, एका हाफमध्ये दोन क्वार्टर, एका क्वार्टरमध्ये दोन एथ. ही नाती कुठल्याही टाइम सिग्नेचरमध्ये बदलत नाहीत. बीट किती हे टाइम सिग्नेचर बघितल्यावरच ठरतं.

दुसरी दुरुस्ती गणिताच्या चौकटीच्या वहीवर. एक चौकट म्हणजे एक एथ नोट. मग क्वार्टर दोन चौकटी, डॉटेड क्वार्टर तीन, हाफ चार, डॉटेड हाफ सहा, होल आठ. पोरांना वरचीच ओळ वहीत रंगवायला लावा, प्रत्येक नोट तिच्या लांबीएवढी पट्टी, एकापुढे एक. एकूण अठरा चौकटी होतात. आता ६/८ चा बार म्हणजे सहा चौकटी, दर सहा चौकटींनंतर उभी रेघ मारा. पहिली रेघ दुसऱ्या एथनंतर येते, दुसरी डॉटेड हाफच्या आधी, आणि अठरा संपतात. कोणाला समजावून सांगायची गरज पडत नाही, रेघ कुठे पडली ते दिसतंच. यात अपूर्णांक कुठेच नाही हा मोठा फायदा, कारण आमच्याकडे निम्म्या पोरांची भीती संगीताची नसतेच, अर्धा अधिक दीडची असते.

याच ओळीत अजून एक चूक लपलेली असते, ती वेगळी ओळखा. काही पोरं पहिली रेघ तिथेच चुकीची मारतात, पण शेवटी तीन उरले म्हणायच्या ऐवजी अडीच उरले म्हणतात. या पोराची डॉटची समज चुकलेली आहे. त्याने ऐकलेलं असतं की डॉट म्हणजे अर्धा, आणि तो प्रत्येक डॉटला अर्धी मात्रा जोडतो. खरं म्हणजे डॉट त्या नोटच्या स्वतःच्या लांबीच्या निम्मी लांबी जोडतो, हाफला क्वार्टर, क्वार्टरला एथ. गंमत अशी की डॉटेड क्वार्टरला दोन्ही पद्धतीने दीडच येतं, म्हणून वर्कशीटमध्ये नुसते डॉटेड क्वार्टर असतील तर ही चूक वर्षभर पकडली जात नाही आणि पोराला पैकीच्या पैकी मिळत राहतात. त्यामुळे प्रत्येक वर्कशीटमध्ये एक तरी डॉटेड हाफ घालाच. चौकटीच्या वहीवर हे सांगणं सोपं आहे, नोटची पट्टी काढ, तिच्या निम्मी पट्टी पुढे चिकटव, चार चौकटींना दोन, दोन चौकटींना एक.

इथवर आलं की बेरीज सुधारते, आणि मग तिसरा घोळ बाहेर येतो, जो खरं तर सगळ्यात अवघड आहे. ३/४ चा बारही सहा चौकटींचाच आणि ६/८ चा बारही सहा चौकटींचाच, मग फरक काय? "सारखंच तं आहे मॅडम, मंग दोन नावं कायले?" हा प्रश्न जो पोट्टा विचारतो त्याला शाबासकी द्या, कारण बाकीच्यांनाही तेच वाटत असतं, ते फक्त बोलत नाहीत. त्यांच्या उत्तरात हे बीममध्ये दिसतं, ६/८ च्या बारमध्ये सहा एथ दिल्या की ते दोन-दोनचे तीन गट जोडतात. बेरीज बरोबर, बार ३/४ चा झाला.

इथे भजनवाली पोरं कामी येतात. त्यांना दादऱ्याचा ठेका म्हणायला लावा, धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग. हे त्यांच्या हातात बसलेलं असतं, गुरुकुंज मोझरीच्या बाजूची पोरं तर खंजेरीवर डोळे झाकून वाजवतात. आता चौकटीच्या वहीत सहा चौकटींच्या पट्टीवर तीन चौकटींनंतर रंगीत रेघ मारा, झालं ६/८, दोन मोठे ठोके, प्रत्येक ठोका एका डॉटेड क्वार्टरचा. शेजारी दुसऱ्या सहा चौकटींवर दर दोन चौकटींनंतर रेघ मारा, झालं ३/४, तीन ठोके, प्रत्येक ठोका एका क्वार्टरचा. बीम या रंगीत रेघेच्या आत राहतो, रेघ ओलांडत नाही, एवढं एकच वाक्य लिहून द्या.

एक सावधगिरी मात्र घ्या. दादरा म्हणजेच ६/८ असं शिकवू नका, कारण दादऱ्यात चौथी मात्रा खाली असते, आणि पोरं ते इतकं मनावर घेतात की ६/८ वाजवताना दुसरा ठोका गिळूनच टाकतात. ६/८ मध्ये चौथ्या एथवरही ठोका आहे, पहिल्यापेक्षा हलका, पण आहे. दादरा फक्त तीन-तीनची बांधणी दाखवायला घ्यायचा आणि सोडून द्यायचा.

ज्यांना तालाचं कानावर काहीच नाही त्यांना मैदानात न्या. २६ जानेवारीच्या परेडची प्रॅक्टिस सुरू असेल तर उत्तमच, पीटीच्या सरांना ड्रम द्या हातात. ६/८ मध्ये एका मोठ्या ठोक्याला एक पाऊल टाकलं तर प्रत्येक बार डाव्या पायाने सुरू होतो, लेफ्ट राइट, लेफ्ट राइट, बिनधास्त चालता येतं. आता ३/४ ला एका क्वार्टरला एक पाऊल टाकायला सांगा, पहिला बार डाव्या पायाने सुरू होतो, दुसरा उजव्या, तिसरा पुन्हा डाव्या, आणि दोन मिनिटांत सगळी रांग विस्कटते. मार्च ६/८ मध्ये सापडतात पण ३/४ मध्ये सहसा सापडत नाहीत त्याचं कारण हेच. एकदा पायाला कळलं की ती पोरं बीम चुकवत नाहीत असा माझा तरी अनुभव आहे, वहीवर दहा वेळा करून जे होत नाही ते एका परिपाठानंतरच्या वीस मिनिटांत होतं.

तरी पक्कं झालं की नाही हे तपासायला एक प्रश्न ठेवा. एकच स्वर चार एथ लांब धरायचा आहे आणि पुढे दोन एथ आहेत, हे ३/४ मध्ये कसं लिहाल आणि ६/८ मध्ये कसं? ३/४ मध्ये हाफ नोट, मग दोन एथ. ६/८ मध्ये हाफ नोट लिहिली तर ती मधली रंगीत रेघ झाकून टाकते, म्हणून डॉटेड क्वार्टर लिहून टायने एका एथला जोडायची, मग दोन एथ. हे ज्याला जमलं त्याला टाइम सिग्नेचर कळली, त्याला पुढची वर्कशीट द्या.

आता स्केल. इथे थोडक्यात सांगते कारण रोग तोच आहे, जागा फक्त वेगळी. वर्कशीटवर कुठेतरी सा म्हणजे सी, रे म्हणजे डी असं छापलेलं असतं आणि पोरं ते ब्रह्मवाक्य धरतात. मग जी मेजर लिही म्हटलं की जी, ए, बी, सी, डी, ई, एफ, जी अशा नुसत्या पांढऱ्या पट्ट्या लिहून मोकळे होतात. एफ शार्प सांगितला तर म्हणतात तो तर तीव्र म, मेजरमध्ये कसा येईल?

पण हीच पोरं मंडळात बसली की बुवा म्हणतात काळी चार लाव, आणि ती गपकन काळी चारला सा धरून वाजवायला लागतात. सा हलतो हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, वर्कशीटने ते फक्त विसरायला लावलं. म्हणून कागद बाजूला ठेवून पेटीवर पांढरी पाचला सा धर म्हणा आणि शुद्ध सारेगम वाजवायला लावा. कानाच्या जोरावर बोट नी ला आपोआप काळी तीनवर जातं. तिथेच थांबवा, ही कुठली पट्टी? एफ शार्प. म्हणजे तो इथे शुद्ध नी आहे, तीव्र म तो फक्त सी ला सा धरल्यावर. तसंच पांढरी चारला सा धरला की शुद्ध म काळी पाचवर येतो, हे झालं एफ मेजर.

कानावर भरवसा नसेल त्यांच्यासाठी पट्ट्या मोजायची रीत आहे, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून पुढे सरकायचं, दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. कुठूनही सुरू करा, मेजर स्केलच मिळेल.

फक्त काळी पाचला नाव काय द्यायचं यावर पुन्हा अडतं. पेटीवर ती एकच पट्टी असते म्हणून पोरं एफ मेजरमध्ये ए शार्प लिहितात, आणि वाजवून दाखवलं तर बरोबरच वाजतं, त्यामुळे चूक पटत नाही. त्यांना अक्षरं मोजायला लावा, एफ, जी, ए, ए शार्प, सी, डी, ई. ए दोनदा आला आणि बी गायब झाला. स्केलमध्ये सातही अक्षरं एकेकदा यायला हवीत, म्हणून तिथे बी फ्लॅटच. पेपर तपासताना मी आधी स्वर बघतच नाही, नुसती अक्षरं बघते, एखादं दोनदा दिसलं की तिथेच गोल करते, वेळ वाचतो.

राहिलं एवढंच की चौकटीची वही कुठवर चालते. सिक्स्टीन्थ नोट्स आल्या की चौकटीचे दोन भाग करावे लागतात, ते आडव्या-तिडव्या रेघा मारून घाण होतं, तेव्हा सरळ एक चौकट म्हणजे एक सिक्स्टीन्थ धरून नवीन पान घ्या, क्वार्टरला चार चौकटी. ९/८ आणि १२/८ ला रीत तीच, तीन-तीन चौकटींवर रंगीत रेघ. आणि एकदम संथ ६/८ आलं तर त्यात दोन ठोके न मोजता सहाच मोजतात, तेव्हा पोरगं सहा मोजत असेल तर त्याला रागावू नका. बीम मात्र तेव्हाही तीन-तीनचेच राहतात.